मोडी कागद वाचून घेताना

जुन्या पेटीत जपून ठेवलेल्या मोडी कागदांचे मोबाईलवर फोटो काढून ते जाणकाराकडे पाठवायचे आणि वंशावळ लावायची, असं हल्ली बऱ्याच घरांत चाललंय. उत्तर येतं ते सोप्या मराठीत, आणि आपण ते खरं धरून चालतो. पण त्यात दोन कामं मिसळलेली असतात. मोडी अक्षर देवनागरीत जसंच्या तसं उतरवणं हे लिप्यंतर. मग त्याचा अर्थ लावणं हे दुसरं काम. चूक यातल्या कुठल्याही कामात होऊ शकते, म्हणून आधी ओळीला ओळ असं लिप्यंतर मागून घ्या.

समजा, पाटीलकीच्या एका कागदात ‘सगुणा कोम राणोजी’ असं आहे. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, आणि ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. अर्थ सांगणाऱ्याने ‘कोम’ गाळला, की सगुणा राणोजीची लेक वाटते. वंशावळीत ती एक पिढी खाली जाते, आणि सून म्हणून तिचं नाव त्या घरातून नाहीसंच होतं. आधीच जुन्या कागदांत बायकांची नावं कमी. त्यातलं एक असं हरवायला नको.

सालाचीही तीच गत. त्याच कागदावर ‘खमस सबैन मया व अलफ’ आहे. हे अरबी आकडे: पाच, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे 1175. पण हा इसवी सन नव्हे. अरबी शब्दांतलं साल बहुधा शुहूर सन असतं. त्यात 599 मिळवायचे, म्हणजे 1774. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे पुढच्या जानेवारीनंतरचा कागद असला तर 1775. कुणी त्याला फसली सन समजून 590 मिळवले, तर 1765 येईल. नऊ वर्षांत लेकरू कर्तं होतं! म्हणून साल मूळ शब्दांतही लिहून मागा.

मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात, मधे जागा नसते. ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही सहसा नसतो. त्यामुळे शिव हे माणसाचं नाव की गावची शीव, हे पुढचा-मागचा मजकूर पाहूनच ठरतं. चांगला वाचणारा अशा जागी प्रश्नचिन्ह टाकतो, फाटलेल्या जागी टिंबं देतो. दोन पानांच्या जीर्ण कागदात एकही शंका नाही, तर मला उलट संशय येतो. मग तेच पान दुसऱ्या वाचणाऱ्याला, पहिलं उत्तर न दाखवता द्यावं.

फोटो नीट नसेल तर मात्र वाचणाऱ्याला बोल लावता येत नाही. फ्लॅश न लावता, सावलीतल्या उजेडात, वरून सरळ काढा. चारही कडा दिसू द्या आणि कोरी वाटली तरी पाठीमागची बाजू घ्या. शेरे आणि तारखा कधी कधी तिथेच असतात. घडी कडक झाली असेल तर ओढू नका, इस्त्री फिरवू नका. आणि मूळ कागद फोटोबरोबर कुणाला देऊन टाकू नका.