जात्याचा एक फेरा, किती काम?

सोलापूरकडच्या आपल्या घरांत ज्वारीची भाकरी रोजची, पण दळण आता गिरणीतच जातं. आमच्या गटातल्या एक काकू मात्र भरड्यासाठी अजून जातं ओढतात. उजवा खांदा दुखतो, म्हणाल्या. वयामुळे असेल असं मलाही वाटलं. मग जातं पाहिलं. तळी अठरा इंचांची, आणि खुंटा मधल्या खिळीपासून फक्त १२ सेंटिमीटरवर!

आम्ही भाजीवाल्याकडचा ताणकाटा आणला. तोंडात ज्वारीची वैरण घातली, काटा खुंट्याला अडकवला आणि तळी हळूहळू फिरेल असा ओढला. खिळीपासून खुंट्यापर्यंत मनात एक रेघ धरायची आणि काटा त्या रेघेशी काटकोनात ठेवायचा. तिरका ओढला तर आकडा उगाच जास्त दिसतो. सुरुवातीचा झटकाही धरायचा नाही. चार ठिकाणी मोजून सरासरी आली ५ किलो.

एका किलोचा ओढ म्हणजे साधारण १० न्यूटन, म्हणून हा ओढ ५० न्यूटन. त्याला खिळीपासूनच्या अंतरानं, म्हणजे ०.१२ मीटरनं गुणलं की ६ न्यूटन-मीटर येतात. तळी फिरवायला लागणारा हा पीळ; पुस्तकात त्याला बलआघूर्ण म्हणतात. एका फेऱ्यात खुंटा सुमारे ७५ सेंटिमीटर चालतो. ५० न्यूटन गुणिले पाऊण मीटर, म्हणजे जवळपास ३८ ज्यूल. पावणेचार किलोचं ओझं जमिनीवरून कमरेपर्यंत उचलण्याइतकं हे काम. मिनिटाला तीस फेरे धरले तर अर्ध्या तासात ते ओझं नऊशे वेळा उचललं.

मग पाथरवटाकडून १८ सेंटिमीटरवर नवं भोक पाडून घेतलं. पीळ तोच लागतो, पण अंतर दीडपट झालं, म्हणून हिशेबानं ओढ ५ वरून सव्वातीन किलोवर यायला हवा. मोजला तर साडेतीनच्या आसपास निघाला. खुंटा भोकात जरा सैल होता, त्यात थोडं वाया जात असावं.

काम मात्र कमी झालं नाही, हे काकूंना मी आधीच सांगितलं होतं. ओढ हलका, पण खुंट्याचा फेरा लांबून १ मीटर १३ सेंटिमीटर झाला. गुणाकार पुन्हा ३८ च्या जवळच. दमणूक तेवढीच, खांद्यावरचा ताण कमी. हात मात्र लांब न्यावा लागतो. बुटक्या बाईला कंबरेतून पुढं वाकावं लागत असेल तर भोक थोडं आतच बरं. आणि अगदी काठाला पाडलं तर दगडाचा टवका उडतो.

दगड झिजून गुळगुळीत झाला की ओढ हलका लागतो, पण पीठ जाडं पडतं आणि तेच पुन्हा दळावं लागतं. मग एका फेऱ्याचं काम कमी दिसलं तरी किलोमागचं वाढतं. तेव्हा खुंट्याला हात लावू नका, दगडाला टाकी लावून घ्या.

काकूंच्या जात्यावर आता दोन्ही भोकं आहेत. सून ओढते तेव्हा ती खुंटा आतल्या भोकात बसवते. तिला भरभर फिरवायला आवडतं.