पाठ अरबीतच, अर्थ आपल्या भाषेत

रमजानच्या रात्री तरावीहच्या नमाजीत हाफिज पुढे उभा राहून कुरआन तोंडपाठ म्हणत असतो. त्याच्या मागे, पहिल्याच रांगेत, आणखी एखादा हाफिज मुद्दाम उभा केलेला असतो. त्याने फक्त कान देऊन ऐकायचे. पुढचा अडखळला किंवा भलतीकडे वळला, की याने तिथला बरोबर शब्द मोठ्याने सांगायचा. याला ‘लुक्मा देणे’ म्हणतात. लुक्मा म्हणजे घास. यात कुणाला अपमान वाटत नाही, कारण चुका होतात हे सगळ्यांनाच ठाऊक असते.

चुका कुठे होतात, हेही ठरलेले असते. दुसऱ्या सूरेतली, म्हणजे ‘बकरा’तली 48 वी आणि 123 वी आयत जवळजवळ सारखी आहे. निवाड्याच्या दिवशी कुणी कुणाच्या कामी येणार नाही, हाच दोन्हींचा आशय. पण पहिलीत आधी शिफारस येते आणि मग खंडणी. दुसरीत आधी खंडणी, मग शिफारस. 48 व्या आयतीत हा क्रम उलटला, तर जीभ आपोआप 124 वर, इब्राहीमच्या परीक्षेवर जाते आणि मधल्या पंचाहत्तर आयती गाळल्या जातात. नुसता अर्थ धरून चालणाऱ्याला इथे काही बिघडले असे वाटणारही नाही. पाठांतराला मात्र हा क्रम सांभाळावाच लागतो.

म्हणूनच मदरशातला हिफ्जचा दिवस तीन कामांत वाटलेला असतो. पहाटे नवा सबक, म्हणजे आदल्या दिवशी घोकलेले नवे पान, उस्तादांना म्हणून दाखवायचे. मग गेल्या काही दिवसांतला भाग, आणि त्यानंतर जुने, पूर्वीच पाठ झालेले पारे. कुरआनचे असे तीस पारे आहेत. नवे पाठ करणे त्या मानाने सोपे. जुने निसटू न देणे हेच खरे काम. बहुतेक मुलांना अरबी समजत नसते. अर्थ न कळता एवढे घोकायचे कशाला, हा प्रश्न मुसलमान समाजातही विचारला जातो आणि त्यावर वादही होतात.

परंपरेचे उत्तर असे, की कुरआन म्हणजे नुसता आशय नव्हे. जे अरबी शब्द पैगंबरांवर उतरले, तेच कुरआन. ते आधी तोंडातून कानात गेले. पैगंबरांच्या निधनानंतर लवकरच यमामाच्या लढाईत अनेक पाठक मारले गेले, तेव्हा सगळा मजकूर एकत्र लिहून ठेवण्याची निकड वाटली, असे परंपरा सांगते. लिखित प्रत तयार झाली, तरी पाठाची तोंडी परंपरा चालूच राहिली.

मग अरबी न येणाऱ्याने नमाज कशी पढायची? इमाम अबू हनीफांनी एकेकाळी फारसीत म्हणायला मुभा दिली होती. त्यांच्या दोन मोठ्या शिष्यांनी ती अरबी अजिबात जमत नसेल त्याच्यापुरती ठेवली आणि पुढे अबू हनीफांनीही तेच मान्य केल्याचे सांगितले जाते. शाफई पंथ याहून कडक आहे, आणि कोकणातले बहुतेक मुसलमान याच पंथाचे. त्यांच्याकडे पहिली सूरा येत नसेल तर दुसऱ्या सात आयती म्हणायच्या, त्याही येत नसतील तर ईश्वराचे स्मरण करायचे, तेही जमत नसेल तर तेवढा वेळ गप्प उभे राहायचे. भाषांतर मात्र चालत नाही.

नमाजीबाहेर भाषांतराला बंदी नाही; वाद होतो तो त्याला म्हणायचे काय यावर. मार्माड्यूक पिकथॉल हे इंग्रज कादंबरीकार 1917 साली मुसलमान झाले, 1920 पासून काही वर्षे मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते आणि नंतर निजामाच्या नोकरीत हैदराबादला गेले. तिथे निजामाने भरपगारी रजा दिली, तेव्हा त्यांनी कुरआन इंग्रजीत आणला. मजकूर जाणत्यांकडून तपासून घ्यायला ते कैरोला गेले, तर अल-अझहरमध्ये भाषांतराच्या कल्पनेलाच विरोध होता. तडजोड मथळ्यात दिसते. 1930 साली निघालेल्या पुस्तकाचे नाव ‘कुरआन’ नव्हे, तर ‘गौरवशाली कुरआनचा अर्थ’ अशा धर्तीचे आहे, आणि कुरआनचे भाषांतर होऊ शकत नाही हे प्रस्तावनेत भाषांतरकारानेच सांगून टाकले आहे! आजही पुष्कळ भाषांतरांच्या नावात ‘अर्थ’ हा शब्द असतो, आणि बऱ्याच आवृत्त्यांत अरबी मजकूर शेजारी किंवा वर छापलेला असतो.

मराठीतही कुरआनची भाषांतरे आहेत. विनोबांनी तर अरबी शिकून निवडक आयतींचे ‘कुराणसार’ काढले. अर्थ मराठीत वाचायला उलेमांची सहसा हरकत नसते. हरकत येते ती अरबी पाठच देवनागरीत छापला की. अरबीत सा, सीन आणि साद ही तीन वेगळी अक्षरे. देवनागरीत तिन्हींचा ‘स’ होतो. अशा पुस्तकावरून पाठ करून आलेल्याला उस्ताद बहुधा पुन्हा कायद्यावर, म्हणजे अक्षरओळखीच्या पुस्तकावर, बसवतात.