एक्स्टेंडर जोडलेला दिसतो, मग इंटरनेट का नाही?

बेडरूममध्ये वाय-फायचं एक्स्टेंडर लावलं की फोनवर सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, आणि नावाखाली मात्र ‘कनेक्टेड, इंटरनेट नाही’ असा निरोप येतो. मग फोन बंद-चालू होतो, इंटरनेट कंपनीला तक्रार जाते, शेवटी यंत्र दुकानदाराला परत केलं जातं. बहुतेक वेळा दोष यंत्रात नसतोच. तो असतो एक्स्टेंडर आणि राउटर यांच्यातल्या दुव्यात. तंत्रज्ञ त्याला ‘बॅकहॉल’ म्हणतात. फोनच्या पडद्यावर हा दुवा कुठेच दिसत नाही, आणि पुढचे बहुतेक गैरसमज त्यातूनच होतात.

गैरसमज १ : फोनवर पूर्ण रेघा आहेत, म्हणजे सिग्नल चांगला आहे.

वस्तुस्थिती : त्या रेघा फक्त फोन आणि एक्स्टेंडर यांच्यातल्या सिग्नलचा जोर सांगतात. एक्स्टेंडर त्याच खोलीत असेल तर त्या पूर्ण दिसणारच. पण माहितीला दोन टप्पे पार करावे लागतात: फोन ते एक्स्टेंडर आणि एक्स्टेंडर ते राउटर. दुसरा टप्पा पूर्ण तुटला तरी बरीच एक्स्टेंडर आपलं नाव हवेत पाठवत राहतात आणि फोनला जोडूनही घेतात. कंपनीचा माणूस येऊन राउटर बदलून गेला किंवा घरात कोणी वाय-फायचा पासवर्ड बदलला, की हमखास असं होतं. एक्स्टेंडर जुन्याच पासवर्डने राउटरचं दार ठोठावत बसतं आणि फोनला त्याचा पत्ताही नसतो. अशा वेळी एक्स्टेंडरच्या सेटिंगमध्ये नवा पासवर्ड भरला की काम होतं.

गैरसमज २ : जिथे सिग्नल येत नाही, तिथेच एक्स्टेंडर लावायचं.

वस्तुस्थिती : एक्स्टेंडर सिग्नल तयार करत नाही, आलेला पुढे पाठवतं. विहीर सोडून कोरड्या शेतात पंप बसवला तर पाणी येत नाही, तसंच हे आहे.

नाशिककडचं एखादं दुमजली रो-हाऊस डोळ्यांपुढे आणा. फायबर तळमजल्यावर दाराशी येते, म्हणून राउटर हॉलमध्ये. नेट हवं वरच्या मागच्या बेडरूममध्ये, म्हणून एक्स्टेंडर तिथल्या पलंगाशेजारच्या सॉकेटमध्ये. मध्ये आरसीसी स्लॅब, दोन भिंती आणि लोखंडी कपाट. सिग्नल मोजायचं एकक डीबीएम आणि आकडे उणे असतात, म्हणून उणे ५० म्हणजे जोरदार, उणे ८० म्हणजे जेमतेम. या बेडरूममध्ये राउटरचा सिग्नल उणे ८२ भरला, तर एक्स्टेंडर कधी जोडलं जाईल, कधी सुटेल, आणि जोडलेलं असतानाही बरीच माहिती वाटेत गळेल. तेच यंत्र जिन्याच्या वळणावर, म्हणजे चौकावर लावलं आणि तिथे उणे ६० ते ६५ मिळालं, तर बेडरूमलाही नेट पोचतं. चौकावर सॉकेट नसेल तर एक्स्टेंशन बोर्ड ओढावा, पण जागा तीच धरावी.

जागा तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. एक्स्टेंडर आधी बंद करा, नाहीतर फोन त्यालाच चिकटून राहील. मग फोन थेट राउटरला जोडा आणि ठरवलेल्या सॉकेटपाशी उभे राहून व्हिडिओ चालवून बघा. तिथे फोनवरच तो अडखळत असेल तर एक्स्टेंडरलाही तिथे काही मिळणार नाही. दोन पावलं राउटरकडे सरका आणि पुन्हा बघा. फ्रिज, मोठा आरसा, लोखंडी कपाट यांच्या आड सॉकेट असेल तर ते टाळा.

गैरसमज ३ : जोडलंय पण नेट नाही, म्हणजे यंत्र खराब किंवा लाइन बंद.

वस्तुस्थिती : बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे, हे पाच मिनिटांत कळतं. वाय-फायला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आयपी पत्ता देतो. लॅपटॉप एक्स्टेंडरला जोडा आणि विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करा:

```
ipconfig
ping -n 20 192.168.1.1
ping -n 20 8.8.8.8
```

दुसऱ्या ओळीत आपल्या राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा राउटरच्या तळाला छापलेला असतो; कित्येक राउटरचा 192.168.1.1 असतो.

`ipconfig` ने आपला पत्ता 169.254 ने सुरू होणारा दाखवला, तर पत्ता देणाऱ्यापर्यंत लॅपटॉपची हाकच गेलेली नाही. बॅकहॉल तुटलेला असल्याची ही ठळक खूण आहे. पत्ता मिळालाय, पण ‘डिफॉल्ट गेटवे’ राउटरचा नसून एक्स्टेंडरचा दिसतोय, असंही होतं. काही एक्स्टेंडर राउटर सापडेना की स्वतःच पत्ते वाटू लागतात, म्हणजे सेटिंगचं पान उघडता यावं. पुढे बॅकहॉल जुळला तरी लॅपटॉप तोच जुना पत्ता धरून बसतो. वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करा. तरीही तोच पत्ता आला तर एक्स्टेंडरच्या सेटिंगमधला डीएचसीपी सर्व्हर बंद करा. घरात पत्ते वाटणारा एकच असावा, तो म्हणजे राउटर.

पत्ता आणि गेटवे बरोबर असतील तर पिंगकडे बघा. राउटरला पाठवलेल्या २० हाकांपैकी ६-७ उत्तरं आलीच नाहीत, किंवा उत्तराला लागणारा वेळ ५ मिलिसेकंदांवरून एकदम ५०० वर उडतोय, तर बॅकहॉल अशक्त आहे. यंत्राची जागा बदला. राउटर २० पैकी २० उत्तरं देतोय आणि फक्त बाहेर इंटरनेटवरचा 8.8.8.8 गप्प आहे, तर लाइन तपासा. अशा वेळी राउटरशेजारी उभं राहूनही नेट मिळणार नाही. कंपनीला फोन करायचा तो याच वेळी.

गैरसमज ४ : वेग कमी पडला तर पुढे आणखी एक एक्स्टेंडर लावायचं.

वस्तुस्थिती : एकाच बँडवर चालणारं एक्स्टेंडर ऐकतं आणि बोलतं एकाच रेडिओने. राउटरकडून घेताना ते फोनला देऊ शकत नाही, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. चौकावर फोनला थेट ४० एमबीपीएस मिळत असतील, तर एक्स्टेंडरच्या मागे २० च्या आसपास धरावेत. दुसरं यंत्र पहिल्याच्या मागे लावलं तर त्या २० चेही निम्मे.

दोन बँडचं यंत्र एका बँडवर राउटरशी आणि दुसऱ्यावर फोनशी बोललं तर ही कात्री टळते. मात्र ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल स्लॅबमध्ये २.४ पेक्षा जास्त मरतो. मध्ये स्लॅब असेल तर बॅकहॉल २.४ वर आणि फोन ५ वर ठेवून बघा.

ज्या घरात चौकही उणे ७५ च्या खाली जातो, तिथे हवेतला बॅकहॉल सोडून द्यावा. राउटरपासून वर लॅन केबल न्यावी, एक्स्टेंडरला लॅनचं पोर्ट असेल तर ती त्यात लावावी आणि यंत्र ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकावं. लॅन केबल १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते, म्हणजे घरात लांबीची चिंताच नाही. बॅकहॉल केबलने झाला की यंत्र थेट बेडरूममध्ये लावता येतं, आणि पलंगाशेजारचं ते सॉकेटही मग योग्य जागा ठरते.