चेंजओव्हरचा मधला शून्य

लाईट गेली की काही घरांतून एक वायर बाहेर निघते. तिच्या दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप जोडलेला असतो. एक टोक छोट्या जनरेटरमध्ये, दुसरं भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचलं की घरभर दिवे लागतात. खरं तर धोका तिथूनच सुरू होतो. सॉकेटमधून टोक निसटलं, तर हातातल्या उघड्या पितळी पिनांत २३० व्होल्ट असतात. आणि मेन स्विच बंद करायचा राहिला, तर तीच वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते.

खांबावरून ती डीपीपर्यंत पोचते. गावागावांतल्या नेहमीच्या डीपीत ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट होतात. एका फेजच्या गुंडाळीचा हिशेब केला, तर हे गुणोत्तर साधारण ४४ पट येतं. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. खालून २३० व्होल्ट चढवले, तर वरच्या तारांवर दहा हजारांच्या आसपास व्होल्ट उभे राहू शकतात, आणि तिथे एबी स्विच उघडून, लाइन बंद आहे या भरवशावर लाइनमन चढलेला असतो. तारा अर्थ करूनच काम करायचं हा नियम त्याच्यासाठी आहेच, पण म्हणून आपला हलगर्जीपणा माफ होत नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘गल्लीचा लोड आला की जनरेटर आपोआप बंद पडेल.’ बऱ्याचदा पडतोही. पण वादळात तार आपल्या घरापुढेच तुटली असेल, तर त्या तुकड्यावर लोड असतो कुठे? जनरेटर निवांत चालत राहतो आणि लोंबणारी तार जिवंत राहते.

यावरचा उपाय म्हणजे चेंजओव्हर स्विच. त्याच्या दांड्याला तीन जागा असतात: एका बाजूला महावितरणची वीज, दुसऱ्या बाजूला जनरेटर आणि मध्ये शून्य. एक बाजू पूर्ण सुटल्याशिवाय दुसरी जुळतच नाही, कारण आतले संपर्क एकाच दांड्याला बांधलेले असतात. शेजारीशेजारी दोन एमसीबी लावून ‘एक पाड, मग दुसरा उचल’ अशी शिस्त घालून देणं हा याला पर्याय नव्हे. अंधारात, घाईत कधीतरी दोन्ही वर राहतातच. त्यातच लाईट परत आली, तर ग्रिड आणि जनरेटर यांचा ताल जुळलेला नसल्याने जनरेटरची वाइंडिंग जळू शकते.

सिंगल फेजचं घर आणि ३ केव्हीएचा जनरेटर धरू. जनरेटर फार तर १३ अँपिअर देणार, पण चेंजओव्हर निवडायचा तो घराच्या मेनच्या क्षमतेचा, कारण वर्षभर सगळा प्रवाह त्याच्यातूनच जातो. मेन ३२ अँपिअरचा असेल, तर स्विच किमान तेवढा हवा. आणि तो डबल पोल हवा. पैसे वाचवायला फक्त फेज बदलणारा स्विच बसवला, तर जनरेटरचा न्यूट्रल गल्लीच्या न्यूट्रलला कायम जोडलेला राहतो. थ्री फेजला याच कारणाने फोर पोल घेतात.

इन्व्हर्टर या स्विचच्या पुढे, म्हणजे घराच्या बाजूला येतो. त्याला वीज चेंजओव्हरनंतरच्या लाइनवरून मिळते, त्यामुळे जनरेटर चालू असतानाही बॅटरी चार्ज होते. इन्व्हर्टरमधून निघणारी लाइन मात्र वेगळी हवी: ठरावीक दिवे आणि पंखे, त्यांचा फेज वेगळा आणि न्यूट्रलही वेगळा. बोर्डात कुणी हा फेज मेनच्या फेजला चिकटवला, तर इन्व्हर्टर घरभर आणि, चेंजओव्हर ग्रिडवर असेल तर, खांबापर्यंत वीज ढकलू पाहतो.

इन्व्हर्टरच्या आतही एक छोटा रिले असतो. लाईट गेली की तो येणारी बाजू तोडून बॅटरी जोडतो. त्याचे संपर्क ठिणगीने चिकटले, तर वीज त्याच्याच इनपुटच्या वायरीत उलटी येते. म्हणून तपासणी दोन ठिकाणी होते आणि ती परवानाधारक वायरमनने करावी. जनरेटर चालू, दांडा जनरेटरकडे आणि मीटरजवळचा मेन बंद ठेवून चेंजओव्हरच्या ग्रिडकडच्या टर्मिनलवर टेस्ट लॅम्प लावायचा: फेज-न्यूट्रलमध्ये, मग फेज-अर्थमध्ये. नंतर चालू इन्व्हर्टरचा टॉप सॉकेटमधून काढून त्याच्या पिनांमध्ये. दोन्हीकडे दिवा विझलेलाच राहायला हवा. निऑन टेस्टर इथे फसवतो आणि डिजिटल मीटरही कधी नसलेले व्होल्ट दाखवतो. लॅम्पला मात्र पेटायला खरा प्रवाह लागतो.

हे सगळं नीट असूनही एक तक्रार येते: जनरेटर धडधडतोय, तरी इन्व्हर्टर बॅटरीवरच. वायरिंगवर संशय घेण्याआधी इन्व्हर्टरच्या मागचा मोडचा खटका पाहावा. यूपीएस मोडमध्ये तो व्होल्टेजबाबत चोखंदळ असतो आणि छोट्या जनरेटरचं हलतं व्होल्टेज नाकारतो. साध्या मोडमध्ये बहुधा स्वीकारतो.