घास नेमका कुठे अडतो?

बुलढाणा जिल्ह्यात, चिखली-मेहकर भागात मी तीस वर्षं जनरल प्रॅक्टिस केली. एवढ्या काळात हजारो रुग्ण विसरलो, पण एका शेतकऱ्याचं बोट माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. वय अठ्ठावन्नच्या आसपास. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. खुर्चीत बसून त्यांनी गळ्याच्या खालच्या खळगीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं अटकते, सायेब. पोळ्यापासून." मी घशात टॉर्च मारून पाहिली. काही दिसलं नाही. खाल्ल्यावर थोडं जळजळतं असंही त्यांनी सांगितलं. मी पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पंधरा दिवसांनी या म्हटलं.

ते आले संक्रांतीनंतर. वजन सात किलो उतरलं होतं. या वेळी सोबत त्यांची पत्नी होती आणि तिने एका वाक्यात मला माझी चूक दाखवली. "यायले भाकर जातच नाई आता. दुधात काला करून देतो, तेवढाच उतरते."

घास अडकण्याची तक्रार ऐकताना डॉक्टर आणि घरचे दोघंही 'कुठे' अडतं हे विचारतात. खरं तर 'काय' अडतं आणि 'केव्हापासून' हे विचारायला हवं. हा लेख त्या फरकाविषयी आहे.

आधी ती वाट कशी आहे ते पाहू. घशाच्या तळापासून जठरापर्यंत अन्ननलिका सुमारे 25 सेंटीमीटर लांब असते. ती छातीच्या मधल्या हाडामागून, श्वासनलिका आणि हृदयाच्या पाठीमागून खाली उतरते. एरवी ती रिकाम्या पिशवीसारखी चपटी असते, घास आला की फुगते. घास आपल्या वजनाने खाली पडतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात नळीच्या भिंतीतले स्नायू वरून खाली क्रमाने आवळत जातात आणि घासाला पुढे ढकलतात. म्हणूनच डोकं खाली आणि पाय वर करून पाणी प्यालं, तरी ते जठरातच पोचतं. या लाटेला वरून खाली यायला आठ-दहा सेकंद लागतात. नळीच्या तळाशी स्नायूंचं एक कडं असतं. ते एरवी घट्ट मिटलेलं असतं, म्हणून जठरातलं आम्ल वर येत नाही. आपण गिळायला सुरुवात केली की लाट खाली पोचण्याआधीच ते सैल पडतं.

म्हणजे घास अडायला मुख्य कारणं दोन. एक तर वाट अरुंद झालेली असते, नाही तर वाट पुरेशी रुंद असूनही ढकलणारी लाट किंवा तळाचं कडं नीट काम करत नाही. ही दोन कारणं वेगळी ओळखायची खूण रोजच्या ताटातच असते.

वाट अरुंद होते तेव्हा घट्ट अन्न आधी अडतं आणि पाणी शेवटपर्यंत जातं. नळीची वाट साधारण 13 मिलिमीटरच्या, म्हणजे करंगळीच्या जाडीच्या खाली गेली की घट्ट घास हमखास अडू लागतो. आमच्या भागात पहिली अडते ती ज्वारीची भाकरी, त्यातही शिळी, कोरडी, ठेच्यासोबत खाल्लेली. मटणाचा तुकडाही तसाच. मग माणूस नकळत बदल करत जातो. भाकरी वरणात कुस्करतो, मग दुधात. पुढे खिचडी पातळ होते, त्यानंतर ताक आणि पेज. घरातली बाई हा बदल मायेने करत असते आणि म्हातारपण आहे, दात गेलेत, असं म्हणून तो कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र ही रोगाची तारीखवार नोंद आहे. पोळ्याला भाकरी अडली, दिवाळीला काला सुरू झाला, संक्रांतीला दूध. याचा अर्थ पाच महिन्यांत वाट सतत अरुंद होत गेली. घट्टापासून पातळाकडे, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, न थांबता होणारा असा प्रवास, सोबत वजन घटणं आणि वय पन्नाशीच्या पुढे, हे चित्र दिसलं की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत अन्ननलिकेचा कर्करोग धरूनच तपासणी करायची असते.

माझ्या रुग्णाला अकोल्याला पाठवलं. दुर्बिणीची नळी साधारण 9 मिलिमीटर जाडीची असते. ती दातांपासून 32 सेंटीमीटरवर थांबली, पुढे जाईना. 32 सेंटीमीटर म्हणजे छातीचा खालचा भाग. बोट मात्र त्यांनी गळ्याच्या खळगीवर ठेवलं होतं. तिथून काढलेल्या तुकड्यात कर्करोग निघाला.

बोट आणि रोग यांच्यात एवढं अंतर का? त्वचेवर मुंगी चावली तर आपण डोळे मिटूनही अचूक जागा सांगतो. अन्ननलिकेच्या नसा इतकी नेमकी खबर मेंदूला देत नाहीत. त्यामुळे छातीच्या तळाशी असलेला अडथळाही पुष्कळदा गळ्यात जाणवतो. उलट सहसा होत नाही. छातीच्या खालच्या भागात अडतं असं सांगणाऱ्याचं दुखणं बहुधा तिथेच असतं. म्हणून गळ्याकडे दाखवणाऱ्याचा फक्त घसा पाहून थांबणं ही चूक आहे, आणि ती मी केली होती. गिळायला सुरुवात करतानाच ठसका लागत असेल, पाणी नाकातून येत असेल, तर दोष घशात किंवा त्याच्या नसांमध्ये शोधावा. गिळल्यावर काही सेकंदांनी अडत असेल, तर अन्ननलिकेत शोधावा.

हा कर्करोग उशिरा सापडण्यामागे आणखी एक कारण आहे. नळी ताणली जाणारी असल्यामुळे घेराचा बराच भाग गाठीने व्यापेपर्यंत घास अडत नाही. पहिली भाकरी अडली, तेव्हा रोग लहान राहिलेला नसतो. तोवर हातात उरलेला वेळ मोजका असतो आणि आपण तो काला कुस्करण्यात घालवतो. माझ्या रुग्णाच्या यकृतापर्यंत रोग गेला होता. शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. अडलेल्या जागी जाळीची धातूची नळी बसवली, त्यामुळे पुढचे आठ महिने ते पातळ खिचडी खाऊ शकले. दिवाळीतच दुर्बीण केली असती तर ते वाचले असते, असं मी म्हणू शकत नाही. अडीच महिने वाया गेले, एवढं मात्र नक्की. रोग लवकर सापडला तर किरणोपचार, औषधं आणि शस्त्रक्रिया यांनी तो बरा होण्याची शक्यता राहते. अगदी वरच्या थरात असेल तर दुर्बिणीतूनच काढता येतो.

हे गृहस्थ दिवसाला बिडीचे दोन बंडल ओढत आणि खर्रा खात. आपल्याकडे आढळणाऱ्या या कर्करोगामागे तंबाखू, सुपारी आणि दारू ही मोठी कारणं आहेत. चुलीवरून उतरवलेला चहा तसाच बशीत ओतून पिण्याचीही आपल्याला सवय असते. 65 अंश सेल्सियसच्या वर गरम असलेली पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 साली जाहीर केलं. चहा वाईट नाही. तो थोडा निवू द्यावा, इतकंच.

आता दुसरं चित्र पाहू. देऊळगाव राजाकडची एक बत्तीस वर्षांची बाई माझ्याकडे आली होती. तिचं सगळंच अडत होतं, भाकरीही आणि पाणीही, अगदी पहिल्या दिवसापासून. कधी बरं, कधी वाईट, असं चार वर्षं चाललं होतं. जेवताना ती मधूनच उठून उभी राही, पाठ ताणून दोन्ही हात वर करी आणि वरून तांब्याभर पाणी पिई. मग काहीतरी सुटल्यासारखं होऊन घास उतरे. रात्री झोपल्यावर संध्याकाळचं अन्न न पचलेलं, आंबट न झालेलं, उशीवर येई. सासरच्यांनी दृष्ट काढली होती, नंतर 'मनाचा रोग' म्हणून सोडून दिलं होतं.

हा मनाचा रोग नव्हता. तिच्या अन्ननलिकेतली वाट रुंद होती, पण तळाचं कडं सैल पडत नव्हतं आणि वरची लाटही उठत नव्हती. स्नायूंना सैल पडायला सांगणाऱ्या भिंतीतल्या नसपेशीच नाहीशा होतात, म्हणून असं होतं. या विकाराला अकॅलेशिया म्हणतात. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत तिची नळी वर फुगलेली आणि तळाशी चिमणीच्या चोचीसारखी निमुळती दिसली. कडं न उघडल्यामुळे पाणीही अडतं, ही याची खूण. वर साचलेल्या अन्नपाण्याचा भार वाढला की घास जातो, म्हणून तिचं ते हात वर करणं. ती तिने स्वतः शोधलेली युक्ती होती.

याचा उपाय जुना आहे. इंग्लंडमधल्या थॉमस विलिस या डॉक्टरने 1674 साली अशा एका रुग्णाची हकीकत लिहिली आहे. त्याने देवमाशाच्या हाडाच्या टोकाला स्पंज लावून दिला होता आणि तो माणूस घास खाली ढकलत वर्षानुवर्षं जगला. 1913 साली अर्न्स्ट हेलर या जर्मन शल्यचिकित्सकाने ते कडंच बाहेरून छेदलं. 2008 साली जपानमध्ये हारुहिरो इनोए यांनी हेच काम दुर्बिणीतून, पोट न उघडता केलं. माझ्या रुग्णाचं कडं फुग्याने ताणलं गेलं आणि चार वर्षांनंतर ती घरच्यांसोबत बसून जेवू लागली.

या दोन टोकांमध्ये आणखी काही कारणं आहेत. वर्षानुवर्षांच्या आम्लाने नळीचा तळ चट्टे पडून आकसतो. इथेही घट्ट घासच अडतो, पण आधी बरीच वर्षं जळजळ असते आणि वाट हळूहळू अरुंद होते. तरीही हा निर्णय दुर्बीण झाल्यावरच घ्यायचा, अंदाजाने नाही. रात्री झोपताना घोटभर पाण्यासोबत घेतलेली डॉक्सीसायक्लिनसारखी कॅप्सूल नळीत चिकटून जखम करते. मग दुसऱ्या दिवशी गिळताना छातीत कळ येते. ती भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यावी. आणि काहींना जेवण नसतानाच घशात गोळा वाटतो, पण जेवताना घास सहज जातो. तो अडथळा नव्हे. मात्र चालताना, चढ चढताना छातीत धरल्यासारखं होत असेल, तर घासाचा विचार बाजूला ठेवून आधी हृदय तपासावं.

घास अडून थुंकीही गिळता येईना, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावं. वरून केळं, भाताचा गोळा किंवा पाणी ढकलू नये. ते वरच साचतं आणि श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

त्या शेतकऱ्यानंतर मी माझी पद्धत बदलली. घास अडतो म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, मागच्या वर्षी काय खात होता आणि आज काय खाता? हा प्रश्न शक्यतो जो स्वयंपाक करतो त्याला विचारतो. पाणी सुरुवातीपासून अडतं का, हे त्यानंतर विचारतो. आणि पित्ताच्या गोळ्या लिहिण्याआधी दुर्बिणीची चिठ्ठी लिहितो. दिवाळीच्या पंगतीत घरातलं एखादं वडीलधारं माणूस भाकरी बाजूला सारून वरणात कुस्कर मागत असेल, तर हे कधीपासून, एवढं त्यांना जरूर विचारावं.