पाच हजार बाकी, अडीच हजार भुर्दंड

क्रेडिट कार्डाचे महिन्याचे स्टेटमेंट ई-मेलवर येते आणि बहुतेक घरांत त्यातल्या दोनच गोष्टी बघितल्या जातात : भरायचे किती आणि कधीपर्यंत. सगळी रक्कम वेळेवर भरणाऱ्याला एवढे पुरते. पण एखाद्या महिन्यात थोडी बाकी राहिली, की पुढच्या स्टेटमेंटमध्ये ‘फायनान्स चार्जेस’ नावाची ओळ उगवते आणि तिच्यासमोरचा आकडा राहिलेल्या बाकीच्या मानाने भलताच मोठा असतो. बँकेने काहीतरी गडबड केली, असे पहिल्यांदा प्रत्येकालाच वाटते. बहुतेक वेळा गडबड नसते, हिशेबच तसा असतो. तो एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे.

समजा, नाशिकच्या एका शिक्षिकेकडे असे कार्ड आहे. तिचे स्टेटमेंट दर महिन्याच्या १० तारखेला निघते आणि पैसे भरायची शेवटची तारीख त्यानंतर वीस दिवसांनी, म्हणजे ३० तारखेला असते. ११ जून ते १० जुलै हे तिचे एक बिलिंग सायकल. या काळात तिने तीन खर्च केले : १४ जूनला ३०,००० रुपयांचा फ्रिज, २ जुलैला ६,००० रुपयांचा किराणा आणि कपडे, ८ जुलैला ४,००० रुपयांची रेल्वेची तिकिटे. मागची बाकी शून्य. १० जुलैच्या स्टेटमेंटवर एकूण देय रक्कम, म्हणजे ‘टोटल अमाउंट ड्यू’, ४०,००० रुपये आणि किमान देय रक्कम, ‘मिनिमम अमाउंट ड्यू’, २,००० रुपये.

बिनव्याजी मुदत प्रत्येक खरेदीला वेगळी मिळते. ११ जूनच्या खरेदीला ३० जुलैपर्यंत ४९ दिवस मिळाले असते, १० जुलैच्या खरेदीला जेमतेम २०. जाहिरातीत दिसणारे ‘पन्नास दिवसांपर्यंत’ हे सायकलच्या पहिल्याच दिवशी खरेदी करणाऱ्याच्या वाट्याला येते. बाईंच्या फ्रिजला ४६ दिवस मिळाले, तिकिटांना २२. मोठी खरेदी स्टेटमेंट निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी करावी, असे कार्ड वापरण्यात मुरलेले लोक सांगतात, ते याच कारणाने.

मात्र या सवलतीला एक अट आहे. शेवटच्या तारखेपर्यंत ४०,००० रुपये पूर्ण भरले, तरच ती टिकते. थोडे कमी भरले तर उरलेल्या रकमेपुरती ती जाते, असा पुष्कळांचा समज असतो. तसे होत नाही. मुदत मागे जाऊन, खरेदीच्या तारखेपासूनच रद्द होते आणि पुढच्या नव्या खरेद्यांनाही मिळत नाही. मागच्या बिलाची बाकी राहिली तर बिनव्याजी मुदत थांबते, ही गोष्ट ग्राहकाला ठळकपणे सांगावी, असे रिझर्व्ह बँकेचे कार्डांविषयीचे निर्देश सांगतात. बँका सांगतातही, पण कार्डासोबत येणाऱ्या बारीक टायपातल्या अटींमध्ये.

जुलैअखेर बाईंच्या हातात पैसे थोडे कमी पडले. ३० जुलैला त्यांनी ३५,००० भरले आणि ५,००० पुढच्या महिन्यावर टाकले. किमान रकमेच्या कितीतरी पट भरल्यामुळे त्या निर्धास्त होत्या. मधल्या काळात, १६ जुलैला, त्याच कार्डावर मुलाच्या क्लासची ७,३०० रुपये फी भरली होती. १० ऑगस्टच्या स्टेटमेंटमध्ये मागची बाकी ५,००० आणि फी ७,३०० या अपेक्षित आकड्यांखाली आणखी दोन ओळी आल्या : फायनान्स चार्जेस २,१५५ रुपये ८२ पैसे आणि त्यावर जीएसटी ३८८ रुपये ५ पैसे. एकूण २,५४३ रुपये ८७ पैसे.

हा आकडा उलगडायला आधी व्याजाचा दर हवा. तो स्टेटमेंटवर दरमहा टक्क्यांत छापलेला असतो. भारतात अनेक कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. बँक व्याज रोजच्या बाकीवर मोजते, म्हणून ४२ ला ३६५ ने भागायचे. मग हजार रुपयांमागे दिवसाला साधारण १ रुपया १५ पैसे पडतात. हा एवढा एक आकडा लक्षात राहिला, तर कोणतेही स्टेटमेंट मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तपासता येते.

आता फ्रिज. ३०,००० रुपये १४ जूनपासून ३० जुलैपर्यंत, म्हणजे ४६ दिवस, बँकेचे होते. त्याचे व्याज १,५८७ रुपये ९५ पैसे. किराणा आणि कपड्यांचे ६,००० रुपये २८ दिवस : १९३ रुपये ३२ पैसे. तिकिटांचे ४,००० रुपये २२ दिवस : १०१ रुपये २६ पैसे. इथवर १,८८२ रुपये ५३ पैसे झाले आणि गंमत म्हणजे मागे राहिलेल्या पाच हजारांचे स्वतःचे व्याज अजून सुरूही झालेले नाही. ते ३० जुलै ते १० ऑगस्ट या ११ दिवसांचे, फक्त ६३ रुपये २९ पैसे. क्लासच्या फीला बिनव्याजी मुदत उरली नसल्याने तिच्यावर १६ जुलैपासून २५ दिवसांचे २१० रुपये. सगळ्यांची बेरीज बरोबर २,१५५ रुपये ८२ पैसे येते. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ३८८ रुपये ५ पैसे. कर्जाच्या व्याजाला जीएसटीतून जी सूट आहे, तिच्यातून क्रेडिट कार्डाचे व्याज वगळलेले आहे, म्हणून ही ओळ गृहकर्जाच्या उताऱ्यावर कधी दिसत नाही.

म्हणजे भुर्दंडाचा सर्वांत मोठा वाटा त्या फ्रिजचा, ज्याचे पैसे बाईंच्या समजुतीप्रमाणे त्यांनी वेळेवर भरले होते. बाकी पाच हजारांऐवजी पाचशे राहिली असती, तरी १,८८२ रुपयांचा तो पहिला भाग तितकाच लागला असता. ३९,९०० असा गोल आकडा भरून शंभर रुपये मागे ठेवणारे फसतात ते इथेच.

इथे एक सावधगिरी हवी. वरची पद्धत, म्हणजे पैसे जमा होईपर्यंत पूर्ण रकमेवर आणि त्यानंतर उरलेल्या रकमेवर व्याज, ही सर्वपरिचित आहे. पण भरलेली रक्कम आधी वजा करून फक्त उरलेल्या बाकीवर खरेदीच्या तारखेपासून व्याज लावायचे, असाही हिशेब करता येतो. तो लावला तर मागच्या बिलाचे व्याज बाईंना दोनशे ते सव्वातीनशे रुपयांच्या घरात पडले असते. आपली बँक कोणता हिशेब करते, हे तिच्या ‘मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स’ नावाच्या पत्रकातल्या सोडवलेल्या उदाहरणावरून कळते. त्या लांबलचक पत्रकातले एवढे एक पान वाचावे, बाकीचे सवडीने वाचले तरी चालेल. दिवस मोजताना पहिला आणि शेवटचा दिवस धरण्यावरून थोडा फरक पडू शकतो, तो सोडून द्यावा.

मग किमान देय रक्कम भरून मिळते काय? लेट फी टळते आणि खाते थकीत म्हणून क्रेडिट ब्यूरोकडे जात नाही. व्याज थांबत नाही. कित्येकांच्या बाबतीत तर बँक खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची सूचना देताना ‘मिनिमम’चा पर्याय निवडला गेलेला असतो आणि दर महिन्याला पैसे कापले जात असल्याने सगळे आलबेल वाटत राहते. स्टेटमेंटवर ‘मागील बाकी’ची ओळ महिन्यामागून महिना शून्यावर येत नसेल, तर आधी हीच सूचना तपासावी. उशिराबद्दल एक सवलत मात्र खरी आहे : शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाला तरच लेट फी लावता येते आणि तीही एकूण बिलावर नव्हे, तर राहिलेल्या बाकीवर. हे तीन दिवस व्याजाला लागू आहेत असे समजू नये.

बाईंनी धडा घेऊन १० ऑगस्टचे पूर्ण बिल, १४,८४३ रुपये ८७ पैसे, ३० ऑगस्टला चुकते केले. तरी १० सप्टेंबरच्या स्टेटमेंटमध्ये पुन्हा २८३ रुपये ७ पैसे व्याज आणि ५० रुपये ९५ पैसे जीएसटी. ग्राहक सेवा केंद्राशी सर्वांत जास्त वाद होत असतील ते या ओळीवरून. पण तीही हिशेबात बसते. १० ऑगस्टचे स्टेटमेंट निघाले तेव्हा व्याज त्याच दिवसापर्यंतचे मोजलेले होते. त्यानंतर पैसे भरेपर्यंतचे २० दिवस ५,००० आणि ७,३०० या दोन्ही रकमांवर व्याज चढतच होते आणि ते पुढच्या कागदावर येणार होते. या वीस दिवसांत त्यांनी आणखी खरेदी केली असती, तर तिच्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागले असते.

एटीएममधून कार्डावर रोख काढली तर पहिल्यापासूनच बिनव्याजी मुदत नसते. वर रोख काढण्याची फी वेगळी. अनेक बँकांत ती रकमेच्या अडीच टक्के, किमान ५०० रुपये, आणि फीवरही जीएसटी.

वर्षाला ४२ टक्के व्याज कायद्यात बसते कसे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचे व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. रिझर्व्ह बँकेने टक्क्यांत कमाल मर्यादा घातलेली नाही. त्यामुळे स्टेटमेंटवर छापलेला दर हाच ग्राहकाच्या हिशेबाचा पाया.

पूर्ण पैसे भरणे जमणारच नसेल, तर जमतील तेवढे शेवटच्या तारखेची वाट न पाहता लगेच भरावेत. वरच्या पद्धतीने बाईंनी ३५,००० रुपये ३० जुलैऐवजी १२ जुलैला भरले असते, तर दिवसाला चाळीस रुपये याप्रमाणे व्याजाचे सव्वासातशे रुपये वाचले असते. बाकी पूर्ण फिटेपर्यंत त्या कार्डावर नवी खरेदी करू नये, आणि खाते मिटवताना स्टेटमेंटवरचा आकडा न धरता ‘आजच्या तारखेला सगळे मिळून किती’ हे बँकेला विचारून तेवढी रक्कम भरावी. हिशेब करूनही आकडा जुळत नसेल, तर बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते आणि त्यासाठी कोणतीही फी पडत नाही.