फोटोतला काय-वर्ग, संबंधाची ताकद

मोबाइलवर काढलेल्या काय-वर्ग तक्त्यात पी-मूल्य ०.००२ दिसलं, की संबंध जबरदस्त आहे असं अनेकांना वाटतं. पण ते एवढंच सांगतं, की संबंध नसता तर निव्वळ योगायोगाने इतका फरक क्वचितच दिसला असता. ताकद मोजायला क्रॅमेर यांचा ‘व्ही’ काढावा. समजा, तक्ता दोन ओळी-दोन स्तंभांचा आहे, काय-वर्ग १० आणि नोंदी ४,०००. दहाला ४,००० ने भागून वर्गमूळ घ्या: ०.०५. शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण. तेव्हा हा संबंध अगदीच क्षीण. नोंदी ४० असत्या, तर पी तेच, व्ही मात्र ०.५! मोठ्या तक्त्यात ओळी-स्तंभांपैकी लहान संख्येतून एक वजा करून त्यानेही भागावं लागतं. म्हणून फोटोत नुसती निकालाची ओळ नको. एकूण नोंदींसह पूर्ण तक्ता घ्या.